एक सूत आणि तीन मिलिमीटर

दोघं सख्खे भाऊ, एकाच लेथवर कामाला. दिवसपाळी दादाची, रातपाळी धाकट्याची. वर्कशॉपमधले लोक चेष्टेनं म्हणायचे, त्या मशीनला दोन बायका आहेत, म्हणून ते कधी गार पडत नाही. पूर्वी या चेष्टेवर दोघंही हसायचे. चार महिन्यांपासून हसणं बंद होतं, कारण दोघांचा अबोला होता.

कारण आई. न्हाणीत पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा ती दादाकडे राहत होती, आणि दादाचं घर तिसऱ्या मजल्यावर. ऑपरेशननंतर धाकट्यानं तिला दवाखान्यातून परस्पर आपल्या तळमजल्यावरच्या घरी नेलं. जिने चढायचा प्रश्नच नको, एवढाच त्याचा हिशेब. पण दादा संध्याकाळी दवाखान्यात पोचला तेव्हा खाट रिकामी होती. नर्सनं सांगितलं, "त्यांना त्यांचा मुलगा घेऊन गेला." दादा तिथल्या तिथे म्हणाला, "मग मी कोण?" हे वाक्य वहिनीनं धाकट्याच्या बायकोला सांगितलं, बायकोनं धाकट्याला सांगितलं, आणि तिथून पुढे दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत. दादा आईला भेटायला यायचा तोही धाकटा कामावर गेल्यावर, आई झोपलेली असताना.

पाळी बदलताना पूर्वी दोघं लेथपाशी पाच-दहा मिनिटं उभे राहायचे. काय झालं, काय राहिलं, टूल कुठला बोथट झालाय, सगळं बोलणं व्हायचं. आता दादा लेथच्या पत्र्यावर खडूनं दोन ओळी लिहून आधीच निघून जायचा. धाकटा त्या वाचायचा, पुसायचा आणि सकाळी आपल्या दोन ओळी लिहायचा.

त्या रात्री पत्र्यावर लिहिलं होतं: नट ८ गेले. २ ट्रेमध्ये. आटा १ सूत.

काम पीठगिरणीचं होतं. गिरणीत गोणी भरायच्या जागेवर एक मोठा हॉपर, म्हणजे पीठ साठवायचा पत्र्याचा चौकोनी डबा, वरच्या लोखंडी तुळयांना चार रॉडवर टांगायचा होता. रॉडच्या खालच्या टोकाला भोक, त्यात पिन. वरच्या टोकाला आटे, म्हणजे नट फिरवायच्या चक्राकार खाचा, त्यावर दोन-दोन नट, एक भार घेणारा आणि एक त्याच्यावर आवळून बसवायचा. तुळई आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये जागा चिंचोळी, म्हणून नट बुटके मागितले होते, जेमतेम बोटाच्या जाडीचे. तसे बाजारात मिळेनात, म्हणून काम इथे आलं. चार रॉड धाकट्यानं आदल्या रात्री केले आणि ते सकाळीच गाडीतून गेले. दिवसा दादानं दहा नट केले. त्यातले आठ दुपारी गेले, दोन राहिले ते जादाच्या पाचव्या रॉडसाठी. तो रॉड आज रात्री व्हायचा होता.

धाकट्यानं लेथच्या चकमध्ये, फिरणाऱ्या जबड्यात, सळई धरली आणि बाजूचं झाकण उघडून पाहिलं, तर त्यानं आदल्या रात्री चढवलेलं एकशे सत्तावीस दात्यांचं चाक काढून फळीवर ठेवलेलं.

"मुद्दाम," तो स्वतःशीच पुटपुटला.

लेथ जुनं, टूल पुढे सरकवणारा त्याचा लीडस्क्रू इंचातला. अशा मशीनवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर मधे ते एकशे सत्तावीसचं चाक लावावंच लागतं. ते चढवायला, दाते जुळवायला वेळ जातो आणि हात काळे होतात. काम तेच, आटा तोच, मग चाक काढायचं कारण काय? दादाचा राग अजून गेला नाही, एवढंच त्याला त्यातून कळलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि वर्कशॉपमध्ये सगळेच बोलताना सुताला तीन मिलिमीटर म्हणतात. दादानं आपल्या सवयीनं तीनच्या जागी एक सूत लिहिलंय, असं समजून त्यानं खडू पुसला.

चाक चढवलं. रॉडचा व्यास चोवीसला आणला, टोकाची धार तिरकी उतरवली आणि आटे पाडायला घेतले. मिलिमीटरचे आटे इंचाच्या स्क्रूवर पाडताना टूलला त्या स्क्रूशी जोडणारा हाफनट एकदा लावला की काम संपेपर्यंत उघडायचा नसतो. उघडला तर परत त्याच जागी पडेल याचा भरवसा नाही, आणि टूल आधीच्या खाचेशेजारी दुसरी खाच पाडून मोकळा होतो. म्हणून प्रत्येक फेरीला टूल बाहेर ओढायचा, मोटर उलटी फिरवून मागे यायचं, पुन्हा थोडा काप द्यायचा. वेळखाऊ काम. पण त्याला ते आवडायचं. शेवटच्या दोन फेऱ्या त्यानं नुसत्या तेलावर घेतल्या आणि आटे आरशासारखे निघाले.

आट्यांवरचा कीस साफ करून त्यानं रॉड चकमधून काढून उभा धरला आणि ट्रेमधला एक नट त्यावर लावला.

नट सरसर खाली गेला. इतका सरसर की त्यानं बोट काढून घेतलं तरी तो आपल्या वजनानं एक वेढा फिरला. धाकट्यानं रॉड हलवला. नट खुळखुळला.

त्याला आधी आपलीच शंका आली. शेवटच्या फेरीला जास्त काप गेला का? त्यानं मायक्रोमीटर लावला. व्यास बरोबर. कपाटातून चोवीसचा मास्टर नट काढला, ज्यावर सगळे आटे तपासले जातात. तो रॉडवर कसा बसावा तसा बसला, ना घट्ट ना ढिला, शेवटपर्यंत एकसारखा गेला. म्हणजे रॉड चोख होता.

"दादाचा हात हलला म्हणायचा," तो म्हणाला, आणि खरं सांगायचं तर त्याला क्षणभर बरं वाटलं. चार महिने मनात धरून बसलेल्या माणसाला वाटतं तसं बरं.

त्यानं दुसरा नट लावला. तोही तसाच खुळखुळला, अगदी तेवढाच. मग मात्र त्याच्या कपाळावर आठी पडली. हात हलला तर एक नट बिघडेल. दोन्ही नट एकाच मापानं ढिले असतील तर ते माप ठरवून केलेलं आहे. आणि पंचवीस वर्षं लेथवर काढलेला दादा ठरवून ढिला नट करेल, हे त्याला कितीही राग असला तरी पटेना.

त्यानं व्हर्निअर नटात घातला. चोवीसच्या नटाचं आतलं भोक पावणेएकवीसच्या आसपास असायला हवं. काटा बावीसवर गेला. मग पिचगेज काढला. या गेजला करवतीसारखे दाते असलेली पातळ पाती असतात, प्रत्येक पात्यावर एका मापाचे दाते. ते आट्यांवर टेकवून दिव्यासमोर धरायचं. उजेड दिसला तर माप चुकलं. तीन मिलिमीटरचं पातं नटाच्या आत टेकवलं. पहिला दाता बसला, दुसरा बसल्यासारखा वाटला, तिसऱ्यापाशी उजेडाची रेघ दिसली, चौथा तर चक्क वर चढून बसला. त्यानं ते पातं मिटलं आणि इंचाचं काढलं, एका इंचात आठ आटे. ते असं बसलं की पलीकडचा दिवा दिसेना.

इंचात आठ आटे, म्हणजे प्रत्येक आटा एक सूत. पण एक सूत म्हणजे तीन मिलिमीटर नव्हे. तीन पूर्णांक एकशे पंचाहत्तर सहस्रांश. बोलताना सोडून दिलेला तो एवढासा तुकडा आता त्याच्या हातात होता.

नट जाड असता तर पाच-सहा आट्यांनंतर फरक साठत जाऊन तो रॉडवर अडकला असता आणि बसवणाऱ्याला तिथेच कळलं असतं. पण नट बुटका, त्यात आटेच चार. शिवाय तो पूर्ण एक इंचाचा, रॉड चोवीसचा, म्हणजे जवळजवळ दीड मिलिमीटरनं बारीक. त्या सैलपणात चार आट्यांचा फरक जिरून जात होता. नट शेवटपर्यंत जाणार. पण भार आला की चारांतला एकच आटा रॉडला टेकणार, बाकीचे तीन नुसते हवेत, आणि टेकणारा आटाही पुऱ्या खोलीचा नाही, जेमतेम मिलिमीटरभर.

त्यानं दोन्ही नट एकावर एक घेतले आणि दोन पाने लावून एकमेकांवर आवळले. खुळखुळणं बंद झालं. रॉड व्हाइसमध्ये धरून हलवला, ओढला, ठोकला. सगळं दगडासारखं घट्ट.

तिकडे गिरणीतल्या फिटरनंही असंच आवळलं असणार. आवळल्यावर कुणालाही, अगदी त्याला स्वतःलाही, काहीच कळलं नसतं.

दादाचं ड्रॉइंग खणात होतं. जुना पिवळा कागद, त्याच गिरणीचा, त्याच कामाचा नंबर, पान दुसरं. कोपऱ्यातल्या चौकटीत बारीक अक्षरात: सर्व मापे इंचात. आटा एक इंच, आठ. जाडी अर्धा इंच. दादानं कागदाप्रमाणे नट चोख केले होते. त्यासाठी एकशे सत्तावीसचं चाक लागतच नाही, म्हणून त्यानं ते काढलं होतं. आणि खडूनं जे लिहिलं ते अक्षरशः खरं लिहिलं होतं.

धाकट्याच्या रॉडचं पान पांढरं, नवीन, गिरणीच्या इंजिनिअर बाईंनी मिलिमीटरमध्ये पुन्हा काढलेलं. मग नटाचं पान जुनं कसं? बाईंनी अर्धंच काम केलं? त्यानं आपलं प्लॅस्टिकचं पाकीट उघडलं आणि पहिलं पान बाहेर ओढलं. ते नेहमीपेक्षा जाड लागलं. टूल गार ठेवणाऱ्या कुलंटनं ओली झालेली कड वाळून चिकटली होती. त्यानं नखानं कड सोडवली, तर मागून दुसरं पान निघालं. पांढरं, नवीन. नट, आटा चोवीसचा, पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, तीन, जाडी तेरा. सर्व मापे मिलिमीटरमध्ये.

दोन्ही पानं आदल्या रात्रीपासून त्याच्याच पाकिटात होती, आणि ते पाकीट तो सवयीनं आपल्या लॉकरमध्ये ठेवून गेला होता. सकाळी दादाला नटाचं पान सापडलं नाही. चार महिन्यांपूर्वी त्यानं सरळ फोन केला असता, "अरे, दुसरा कागद कुठं उलथला?" आता त्यानं फोन केला नाही, चढवलेलं चाक पाहूनही काही विचारलं नाही. जुन्या फाइलीतून त्याच नंबरचं पान काढलं आणि काम केलं.

धाकटा स्टुलावर बसला. मनात एक वाईट विचार येऊन गेला. हे पान लॉकरमध्ये परत ठेवलं तर? कागद दादाचा, नट दादाचे. त्याच्या रॉडला तर मास्टर नट बसतोय. तो विचार फार वेळ टिकला नाही, पण आला, आणि त्याची त्याला लाज वाटली. त्यानं तिन्ही पानं टेबलावर शेजारी शेजारी मांडली, वर पाना ठेवला आणि फोन घेतला.

गिरणीचा नंबर कामाच्या कार्डावर होता. फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? वर्कशॉपच्या मालकाचा फोन बंद. हॉपर पहाटेच्या पाळीला भरणार असं कार्डावर लिहिलं होतं. तोवर कुणीतरी उचलेल, असं म्हणत त्यानं तिसरा नंबर लावला, जो चार महिन्यांत लावला नव्हता.

वहिनीनं उचलला. एवढ्या रात्री दिराचा आवाज ऐकून ती घाबरलीच. "काय झालं? सासूबाई बऱ्या आहेत ना?"

"आई झोपलीय, ती ठीक आहे. दादाला उठवा वहिनी. कामाचं आहे."

दादा फोनवर आला, आवाज झोपेतला पण करडा. "बोल."

"दादा, तू केलेले नट इंचाचे आहेत. माझे रॉड मिलिमीटरचे."

"मी कागदाप्रमाणे केलेत. गेज लावून पाहिलेत. तुला काय म्हणायचंय?"

"नट बरोबर आहेत. रॉडही बरोबर आहेत. कागद चुकीचा मिळाला तुला. खरा कागद माझ्या पाकिटात चिकटून राहिला होता."

पलीकडे खाट करकरली; दादा उठून बसला असावा.

"दादा, तो बुटका नट आहे. चार आटे. अडकत नाही, शेवटपर्यंत जातो. आठही नट तिकडे लागलेत."

"अडकत नाही?" दादाचा आवाज बदलला. झोप गेली, रागही गेला. "अरे देवा. आवळल्यावर तर कळणारच नाही. तू गिरणीला फोन लावत राहा. मी निघालो."

पाचव्या की सहाव्या वेळी गिरणीतून फोन उचलला गेला. शिफ्टची इन्चार्ज बाई होती. मागे पंख्यांची घरघर, तिला ओरडून बोलावं लागत होतं. धाकट्यानं कोण, कुठून, कशासाठी ते एका दमात सांगितलं.

"हॉपर?" ती म्हणाली. "भरायला घेतलाय की. गव्हाची गाडी लवकर आली म्हणून आम्ही आधीच चालू केलं. आठ टनांतलं तीनेक टन पडलं असेल."

"बंद करा. आधी बंद करा, मग बोलू."

ती चिडली नाही, की तुम्ही कोण सांगणारे असंही म्हणाली नाही. एकच प्रश्न विचारला. "आता तर व्यवस्थित लटकलाय. भरल्यावर धरणार नाही कशावरून?"

"रिकामा असताना एक आटाही पुरतो, ताई. भार वाढला, त्यात हादरे बसले, की तो एक आटा खरवडला जाणार. तुमच्या फिटरला विचारा, नट बसवताना कसे गेले?"

ती बाजूला कुणाशी तरी बोलली. मग फिटर स्वतः फोनवर आला. "कसे गेले म्हणजे? सरसर गेले. पाना शेवटीच लावला. मी म्हटलं, काय हात आहे करणाऱ्याचा."

"पाना कितीचा लावला?"

"दीड इंची. चोवीसच्या नटाचा छत्तीसचा पाना बसेना." बोलता बोलता तो थांबला. त्याला स्वतःलाच कळलं. "अरे बापरे," तो म्हणाला, आणि फोन तसाच टाकून धावला.

मागची घरघर एकेक करत थांबत गेली. मग इन्चार्ज बाईंचा आवाज मोठा नि स्पष्ट ऐकू आला, "खालच्या सगळ्या बायका बाहेर काढ. शिलाई मशीनं राहू दे तशीच. बाहेर म्हणजे बाहेर." मग फोनवर, "पीठ खालून काढून टाकू का?"

"नको. काढायचं म्हटलं की व्हायब्रेटर लावावा लागेल. हादरा नकोच. साखळीचे चेनब्लॉक किती आहेत?"

"दोन."

"ते वरच्या तुळईला अडकवून ठेवा. आम्ही नट घेऊन येतो."

दादा आला तो घरच्या पायजम्यावर शर्ट चढवून. टेबलावरची तीन पानं त्यानं उभ्यानंच पाहिली, चिकटलेली कड बोटानं चाचपली, पण बोलला कामाचंच. "आठ नट एका मशीनवर सकाळपर्यंत होणार नाहीत. आधी भार घेणारे चार. आवळायचे नंतर. मी त्या कोपऱ्यातल्या लेथवर तुकडे पाडून, भोक करून देतो. तू आटे पाड. या लेथवर चाक चढलेलंच आहे."

"सळई?"

"माझी दीड इंची षटकोनी उरलीय. बाहेरून दोन मिलिमीटर मोठी पडेल. पडू दे. आत चुकायला नको."

मग दोन लेथ एकाच वेळी चालली. दादा तुकडा द्यायचा, धाकटा चकमध्ये धरायचा. आतले आटे पाडताना टूल दिसत नाही, आवाजावर आणि हाताला येणाऱ्या थरथरीवर काम. हाफनट लावलेला, मोटर उलटी, पुन्हा पुढे. पहिला नट तपासायच्या मास्टर रॉडवर बसला. दुसरा बसला. तिसरा जरा घट्ट वाटला, त्यानं आणखी एक हलकी फेरी घेतली. घाई करायची नाही असं तो मनातल्या मनात म्हणत होता आणि घामाचे थेंब चकवर पडत होते.

दादा तुकडा देताना एकदाच म्हणाला, "मी फोन करायला हवा होता सकाळी."

"मी पाकीट इथं लेथपाशी ठेवून जायला हवं होतं."

चौथा नट चकमध्ये असताना फोन वाजला. फिटर होता. त्याचा आवाज अगदी दबका, जणू मोठ्यानं बोललं तरी हादरा बसेल. "टक्कन आवाज आला. खिडकीकडचा कोपरा खाली आलाय. जास्त नाही. सूतभर."

एक सूत. म्हणजे तिथला आटा गेला आणि रॉड एक घर खाली सरकून पुढच्या आट्यावर अडकला.

"चेनब्लॉक त्याच कोपऱ्याला लावा," दादानं फोन ओढून घेत सांगितलं. "नुसती साखळी ताणून ठेवा. उचलू नका. आणि तिथून बाजूला व्हा."

चौथा नट मास्टरवर चढवून पाहिला न पाहिला, की दोघं निघाले. धाकट्यानं आज रात्री केलेला पाचवा रॉडही उचलला. त्या कोपऱ्यातल्या रॉडचे आटे आता भरवशाचे उरले नसणार. दादाच्या मोटरसायकलवर मागे बसून त्यानं रॉड बंदुकीसारखा उभा धरला होता. खिशात नट एकमेकांवर आपटत होते.

गिरणीच्या अंगणात गोण्या शिवणाऱ्या बायका शाली गुंडाळून उभ्या होत्या. आत सगळं गप्प. हवेत पीठ तरंगत होतं. हॉपरचा एक कोपरा, नीट पाहिलं तरच कळेल एवढा, खाली झुकला होता. त्याच्या खाली रिकामी स्टुलं तशीच ओळीनं होती.

वरच्या जाळीच्या मजल्यावर इन्चार्ज बाई उभी होती. तिनं विचारलं, "कसं करणार?"

"आधी हाच कोपरा," दादा म्हणाला. "साखळीवर भार घ्यायचा, नट मोकळे करायचे, रॉड बदलायचा, नवा नट, भार परत. मग दुसरा कोपरा. एका वेळी एकच."

पण जागा चिंचोळी. तुळई आणि पत्रा यांच्यामध्ये फिटरचा जाडजूड हात पान्यासकट शिरेना. धाकट्याचा शिरला, कोपरापर्यंत. साखळी सुटली तर तो हात परत येणार नव्हता.

फिटर साखळी धरायला पुढे झाला. दादानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी धरतो."

दादानं एकेक कडी ओढायला सुरुवात केली. कट्, कट्, कट्. साखळी ताठ झाली. हॉपरच्या पत्र्यातून कण्हल्यासारखा आवाज आला. झुकलेला कोपरा केसभर वर आला.

"भार माझ्याकडे आहे," दादा म्हणाला. "घाल हात."

धाकट्यानं हात घातला. वरचा नट पान्यानं सुटला. खालचा बोटानंच फिरला, आणि त्याच्या मागोमाग आट्याच्या खाचेतून लोखंडाचं एक वेटोळं निघालं, स्प्रिंगसारखं, चकाकणारं. रॉडवर त्या जागी आट्यांची टोकं चेपून सपाट झाली होती. त्याला ते दिसत नव्हतं, बोटाला लागत होतं. खाली फिटरनं पिन काढली. जुना रॉड खाली ओढून घेतला, नवा वर सरकवला, पिन घातली. धाकट्यानं नवा नट लावला. आता तो सरसर गेला नाही. प्रत्येक वेढ्याला थोडासा धरत, तेलकट, एकसारखा बसत गेला. टेकल्यावर त्यानं पाना लावून आवळला आणि हात बाहेर काढला.

"सोड."

दादानं एकेक कडी सोडली. साखळी ढिली पडली. कोपरा हलला नाही.

उरलेल्या तीन कोपऱ्यांचे रॉड शाबूत होते, फक्त नट बदलावे लागले. तरी प्रत्येक वेळी हात आत गेला की दादाच्या मानेची शीर ताठ व्हायची आणि हात बाहेर आला की तो डोळे मिटायचा. शेवटचा नट बसेपर्यंत खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. फिटर चारही नटांवर हात फिरवून आला आणि म्हणाला, "आता पाना छत्तीसचा की दीड इंची?"

"बाहेरून दीड इंची," दादा म्हणाला. "आतून विचारू नकोस."

बाई हसली, पण पीठ भरायला तिनं लगेच परवानगी दिली नाही. आवळायचे चार नट येऊन लागेपर्यंत हॉपर तसाच राहील, असं तिनं ठरवलं आणि पाळीच्या बायकांना घरी पाठवलं. इंजिनिअर बाईही आल्या. दादानं सोबत आणलेली तिन्ही पानं पाहून त्यांनी जुन्या पिवळ्या पानाची प्रत किती ठिकाणी असेल याची चौकशी केली. आपल्या गिरणीच्या कपाटातही एक आहे, हे त्यांना आठवलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. "नवीन काढलं, पण जुनं परत मागवलं नाही," त्या म्हणाल्या. वर्कशॉपचे मालक उशिरा पोचले आणि पोचल्यावर दोघांना भरपूर बोलले. मोटरसायकलवरून परतताना दादा म्हणाला, "बरोबरच बोलले. त्यांच्या जागी मी असतो तर एकाला तरी घरी बसवलं असतं."

दुपारपर्यंत उरलेले चार नट झाले. जुन्या फाइलीतली गिरणीची सगळी इंचातली पानं दादानं बाहेर काढून त्यांवर लाल रेघ मारली. कुणी सांगितलं नव्हतं.

मग हात धुताना त्यानं विचारलं, "आई चालते का आता?"

"काठीनं. खोलीतल्या खोलीत."

"रात्री तिच्या खोलीत कोण झोपतं, तू इकडे असतोस तर?"

"ही असते."

दादानं साबण खाली ठेवला. "तू तिला नेलीस ते बरोबर केलंस. तीन मजले तिला झेपलेच नसते, ते मला तेव्हाही कळत होतं. पण दवाखान्यात जाऊन रिकामी खाट बघितली ना, तेव्हा काय झालं ते तुला नाही कळायचं."

धाकटा टॉवेल पुढे करून उभा राहिला. दादानं टॉवेल घेतला, हात पुसले आणि मोटरसायकलची किल्ली काढली.

"चल," तो म्हणाला. "आज ती जागी असताना येतो. तूही असशील तिथे."